भिजवलेल्या तांदळाचं आणि मसाला लावलेल्या मटणाचं वजन दाखवून बिर्याणीत २२,३४० रुपयांना बुडवलं

पुतण्याच्या लग्नानंतर गोंधळ उरकला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारशे माणसांचं जेवण ठेवलं होतं, मटण बिर्याणीचं. शेवटच्या पंगतींना पन्नासेक माणसांच्या ताटात नुसता भात पडला आणि त्यानंतरच्या चाळीस जणांना तोही मिळाला नाही. त्या दिवसापासून भावकीत एकच वाक्य फिरतंय, ‘यानं वहीत हिशोब मांडला आणि पाहुणे उपाशी ठेवले.’ हे ऐकून ऐकून डोकं फिरलंय, म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितो. हिशोब बरोबर होता. माल कमी घातला आणि वजन दाखवून घातला, ही चोरी आहे.

केटररनं आधी सांगितलेला अंदाज असा, माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ आणि दोनशे ग्रॅम मटण. चारशे माणसांना साठ किलो तांदूळ, ऐंशी किलो मटण. “आपल्याकडची खाणारी माणसं आहेत दादा, कमी पडलं तर शोभा होईल.” ही भीती ते सगळ्यांनाच घालतात. लग्नघरातला माणूस या एका वाक्यावर हो म्हणतो, हे त्यांना पक्कं माहीत असतं. पण चारशे माणसं म्हणजे चारशे सारखी पोटं नसतात. ताटात जेमतेम मूठभर घेणारी आजी आणि तालमीतला पोरगा यांना एकच माप लावायचं, तर उरणारा माल कुणाच्या टेम्पोत जातो हे सांगायला नको.

म्हणून यादी घेऊन बसलो. चाळीस माणसं शाकाहारी, ती बाजूला काढली. उरली तीनशे साठ. त्यात दहा वर्षांच्या आतली पोरं साठ, त्यांना पन्नास ग्रॅम तांदूळ पुरतो. बेताचं खाणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसं मिळून एकशेवीस, त्यांना नव्वद ग्रॅम. नेहमीचं जेवणारी एकशेवीस, त्यांना सव्वाशे ग्रॅम. आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घेणारे साठ, त्यांना पावणेदोनशे. ही सगळी मापं कोरड्या, कच्च्या तांदळाची. बेरीज येते ३९ किलो ३०० ग्रॅम. आयत्या वेळचे पाहुणे आणि ताटात टाकलं जाणारं अन्न धरून पंचेचाळीस किलो पक्के केले.

मटण ग्रॅमवर धरलं नाही, फोडींवर धरलं. बिर्याणीला साठेक ग्रॅमची, हाडासकट फोड काढायची म्हटली, तर किलोत सोळा बसतात. पोराला एक, बेताचं खाणाऱ्याला दोन, नेहमीच्याला तीन, दांडग्याला चार. साठ, दोनशेचाळीस, तीनशेसाठ आणि पुन्हा दोनशेचाळीस, मिळून नऊशे फोडी. म्हणजे छप्पन्न किलो. तांदळाच्या सव्वापट मटण, बिर्याणीला हे चांगलं प्रमाण आहे. ज्याला हा हिशोब चुकीचा वाटतो त्यानं समोर बसून दाखवावा.

केटररनं वही बघितली आणि लगेच “ठीक आहे दादा” म्हणाला. साठाचे पंचेचाळीस आणि ऐंशीचे छप्पन्न झाले, तरी एका शब्दानं घासाघीस केली नाही. जो माणूस दहा मिनिटांपूर्वी शोभा होईल म्हणून घाबरवत होता, तो इतक्या सहज उतरतो तेव्हा त्यानं भरपाईची वाट आधीच काढलेली असते. सामानासकट ठरलं ते असं: तांदूळ १२० रुपयांनी ५,४००, मटण ८२० रुपयांनी ४५,९२०, दही, कांदा, तेल, तूप, मसाला १७,०००, मजुरी १४,०००. एकूण ८२,३२०. साठ हजार आगाऊ दिले, बाकीचे २२,३२० संध्याकाळी जेवणं सुरू होण्याआधी मोजून घेतले त्यानं. सगळे पैसे जेवणाआधी देऊ नका. निदान एक चतुर्थांश रक्कम शेवटची पंगत उठेपर्यंत हातात ठेवा, मग तो कितीही तोंड पाडू दे.

आता मुख्य गोष्ट. दुपारी त्यानं स्वतः फोन करून बोलावलं, “दादा, वजन बघून घ्या, नंतर तक्रार नको.” ताणकाटा टांगलेला. टोपल्यांमधून तांदूळ मोजला, पंचेचाळीस किलो भरला. मटणाचे टोप मोजले, रिकाम्या टोपाचं वजन वजा करून छप्पन्न किलो. सगळं अगदी काटेकोर. दोन भाऊबंदही साक्षीला होते. पण तांदूळ भिजवून निथळलेला होता आणि मटणाला दही-मसाला लावलेला होता. “उशीर होईल म्हणून आधीच मुरवत ठेवलं,” म्हणाला. बिर्याणीला मटण मुरवतात आणि तांदूळ भिजवतात हे कुणाला माहीत नाही? त्यामुळे त्यात वावगं काही दिसलं नाही. काटा समोर, आकडा समोर, त्या गडबडीत कुणीही हेच केलं असतं. मांडवात व्याही उतरलेले, एकीकडे मंडपवाला पैशासाठी उभा, अशा वेळी ओल्या आणि कोरड्या तांदळाचा फरक कोण करत बसतो?

आणि तरीही एक गोष्ट अजून सलते. भिंतीशी तांदळाची दोन पोती होती, पंचवीस-पंचवीस किलोची. एक रिकामं, घडी घालून ठेवलेलं. दुसरं उभं, निम्म्याहून जास्त भरलेलं, त्याच्या तोंडावर सुतळी गुंडाळलेली. पन्नासातून पंचेचाळीस गेले असते तर त्या पोत्यात तळाला पाच किलो दिसायला हवे होते. विचारलं, तर म्हणाला, “व्हेज पुलावाचा आहे.” चाळीस माणसांच्या पुलावाला चार-पाच किलो पुष्कळ होतात. पोत्यात पंधरा होते! ते पोतं हातानं उचलून पाहिलं असतं तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. रात्री ते पोतं टेम्पोतून परत गेलं, हे मंडपाच्या पोरानं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी घरी त्याच ब्रँडचा एक किलो सेला बासमती आणला, पाऊण तास भिजवला, चाळणीत निथळवला आणि वजन केलं. १ किलो २९० ग्रॅम. मग एक किलो मटणाला पावशेराला थोडं कमी दही, तळलेला कांदा, आलं-लसूण, तेल, मसाला, मीठ, पुदिना-कोथिंबीर लावलं. १ किलो ४३० ग्रॅम. आता उलटा हिशोब करा. पंचेचाळीस किलो ओला तांदूळ म्हणजे कोरडा पस्तीसच. छप्पन्न किलो मुरवलेलं मटण म्हणजे नुसतं मटण एकोणचाळीस. एकोणचाळीस किलोत फोडी होतात सव्वासहाशेच्या आत. नऊशेला पावणेतीनशे कमी, म्हणजे सरासरी तीन फोडींनी नव्वदेक ताटं. नव्वदच माणसांची पंचाईत झाली होती. माझी मापं चुकली असती तर हा आकडा असा जुळला असता का?

संतापाची गोष्ट ही, की दह्या-कांद्या-तेलाचे १७,००० वेगळे लावलेच होते. म्हणजे तेच दही एकदा दह्याच्या भावानं विकलं आणि दुसऱ्यांदा मटणात कालवून ८२० रुपये किलोनं विकलं. दहा किलो तांदळाचे १,२०० आणि सतरा किलो मटणाचे १३,९४० असे १५,१४० रुपये सरळ खिशात. वर ऐन वेळी हॉटेलातून चाळीस प्लेट चिकन बिर्याणी आणली, १८० रुपयांनी ७,२००. एकूण २२,३४०. लोकांसमोर झालेल्या बेअब्रूची किंमत यात नाही.

वाढतानाही चलाखी होती. पहिल्या पंगतीला थाळी डेगच्या कडेनं थेट तळापर्यंत घालून वाढत होते, त्यामुळे ताटात चार-चार फोडी. तळाचं मटण पहिल्या दोन पंगतींत संपवलं, कारण तेव्हा घरची आणि व्याह्यांकडची मंडळी बसतात आणि वाहवा होते. पुढे वरचा भात आणि बटाटे. डेग उघडताना स्वतः उभे राहा आणि प्रत्येक डेगेतून पहिलं ताट तळापासून काढायला लावा. आमच्या तीन डेगांपैकी तिसरीत कडेनं थाळी घातली तर हाडं लागेचनात.

पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारानं ऐकून घेतलं आणि हसला. “बिर्याणी खाल्ली ना लोकांनी? मग हा दिवाणी मामला आहे.” साधा अर्ज घेऊन पोच द्यायला तयार नाही. वजनमापांच्या कार्यालयात गेलो, तिथे म्हणाले, काट्यावर शिक्का आहे का? शिक्का होता. मग म्हणे काटा बरोबर आहे, आमचा विषय संपला. अरे, काटा बरोबर असूनच लुटलं, तीच तर तक्रार आहे! काट्यावर काय ठेवलं हे कुणी बघायचं? त्यांचं उत्तर, तुम्ही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यांनी बिल मागितलं. बिल कुठलं, वहीच्या पानावर पेनानं लिहिलेली चिठ्ठी आहे, तीत फक्त ‘तांदूळ ४५, मटण ५६’. कोरडा की ओला, कुठेच नाही. खाटीक तोंडी कबूल करतो की माल चाळीस किलोच्या आतच गेला होता, पण लिहून देत नाही, कारण केटरर त्याचं कायमचं गिऱ्हाईक आहे. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, ‘तुम्ही समोर होतात ना?’ समोर होतो म्हणून चोरी माफ होते का?

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लिहून दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, हे एवढं सगळं फिरूनही कुणी सांगितलं नव्हतं, एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं. घरच्या तांदळाच्या आणि मटणाच्या वजनाचे फोटो, दोन भाऊबंदांचे जबाब आणि ती चिठ्ठी जोडली आहे. केटरर म्हणतो, “भिजवलेल्याचंच वजन ठरलं होतं.” चिठ्ठीवर ‘कोरडा तांदूळ, मसाल्याआधीचं मटण’ एवढे शब्द असते तर त्याला हे बोलता आलं नसतं. तुमच्या चिठ्ठीवर ते लिहून त्याची सही घ्या, मटण खाटकाच्या दुकानातच मोजून घ्या, आणि रिकामी पोती संध्याकाळपर्यंत आपल्या ताब्यात ठेवा.