कुलूप जागेवर होतं, चेनही बंद होती

प्रयागराजला धर्मशाळेच्या खोलीत आईची निळी बॅग उघडली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. कुलूप जसंच्या तसं. चेन पूर्ण बंद. आत वरच्या थरात तिची लुगडी घडी घालून ठेवलेली, आणि त्याखाली, जिथे पैशांचं पाकीट आणि पाटल्यांची पुरचुंडी होती तिथे, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या. वजन तेवढंच राहावं म्हणून ठेवलेल्या. अठरा हजार रुपये आणि आईच्या लग्नातल्या दोन पाटल्या गेल्या होत्या. कुठे गेल्या, कधी गेल्या, याचं उत्तर आम्हा दोघींकडे नव्हतं. पुण्यात घरातून निघताना बॅगेला कुलूप लावलं होतं, ते त्या खोलीतच पहिल्यांदा काढलं.

हे लिहायचं कारण असं की आम्ही निष्काळजीपणे निघालेलो नव्हतो. यादी करून तयारी केली होती. तरी आम्ही फसलो, आणि त्याच यादीतल्या एकेका वस्तूने चोराचं काम सोपं केलं. तुम्ही रात्रीच्या लांबच्या गाडीने स्लीपरमधून जाणार असाल तर हे नीट वाचा.

बाबांच्या अस्थी त्रिवेणीवर सोडायला निघालो होतो. गाडी पुण्याहून रात्री सुटणारी. मनमाड, भुसावळ, खंडवा, इटारसी, जबलपूर या वाटेने जाते. आईला सतरा नंबरचा खालचा बर्थ, मला त्याच्यावरचा मधला, अठरा. स्लीपरला रेल्वे अंथरूण-पांघरूण देत नाही (ते एसीच्या डब्यात मिळतं), म्हणून घरून दोन सोलापुरी चादरी, एक शाल आणि हवेची उशी घेतली. खायला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या की दोन दिवस मऊ राहतात आणि रस्सा सांडायची भीती नसते. सामानासाठी साखळी आणि कुलूप. अनोळखी माणसाकडून बिस्किट, चहा, प्रसाद काहीही घ्यायचं नाही, हे आईला मी तीनदा बजावलं होतं.

समोरच्या वीस नंबरवर एक तिशीतला माणूस बसला होता. स्वच्छ शर्ट, एक छोटी सॅक, छान मराठी. त्याने आम्हाला काहीही खायला दिलं नाही. उलट आईनेच त्याला दशमी दिली आणि त्याने ती हातावर घेऊन आवडीने खाल्ली. माझ्या मनातला संशय तिथेच विरघळला. गुंगीचं औषध देणारा माणूस आपल्याला खाऊ घालतो, एवढंच मला माहीत होतं. आपलं खाणारा माणूसही फसवू शकतो हे डोक्यातच आलं नाही.

टीटीई आले तेव्हा तो जागेवर नव्हता. आईच म्हणाली, ‘आहेत ते, बाथरूमला गेलेत.’ टीटीईंनी मान डोलावली आणि ते पुढे गेले. नंतर पोलिसांकडे चार्ट पाहिला तेव्हा कळलं की वीस नंबर साठ वर्षांच्या एका बाईंच्या नावावर होता, आणि त्या गाडीत चढल्याच नव्हत्या. तिकीट नसलेल्या माणसाची ग्वाही आम्हीच देऊन बसलो होतो. त्याचं तिकीट तपासताना आपण पाहिलेलं नाही, एवढी साधी गोष्ट लक्षात ठेवली असती तरी पुढचं टळलं असतं. शेजारचा माणूस टीटीई आले की नेमका उठून जात असेल, तर टीटीईंना तसं स्पष्ट सांगा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

दहा वाजता मधला बर्थ उघडायची वेळ झाली. तो म्हणाला, ‘ताई, तुम्ही मावशींजवळ खालीच झोपा, माझा बर्थ घ्या. माझी पाठ दुखते, मी खाली पेपर टाकून सपाट झोपतो, मला सवय आहे.’ आईचे गुडघे दुखतात, रात्री तिला उठवायला-बसवायला मी खालीच हवी होते. मला तो देवमाणूस वाटला. अशा रीतीने तो रात्रभर दोन बर्थच्या मधल्या जमिनीवर, आमच्या बॅगांपासून वीतभर अंतरावर पडून राहिला. शिवाय आईला वारा लागतो म्हणून त्याने तिची सोलापुरी चादर बर्थच्या कडेवरून खालपर्यंत सोडली. बर्थखालची जागा त्या चादरीमागे पूर्ण झाकली गेली. पडदाच झाला तो. तेव्हा मी त्याला ‘थँक्यू’ म्हटलं.

आता कुलूप न तोडता बॅग कशी उघडली ते सांगते, कारण हे अनेकांना माहीत नसतं. आपल्या बहुतेक बॅगांची चेन नायलॉनच्या वळशांची असते. बॉलपेनचं टोक दातांच्या मधोमध दाबून घुसवलं की चेन फाकते, आणि एकदा फाकली की हाताने पुढे उघडत जाते. चेनच्या दोन्ही खिट्ट्या कुलपाने एकमेकींना बांधलेल्या असल्या तरी काही फरक पडत नाही. काम झालं की त्याच कुलूपबंद खिट्ट्या जोडीने चेनवरून एकदा फिरवल्या की दात पुन्हा बसतात. बॅग होती तशी. घरी येऊन भावाने जुन्या बॅगेवर हे करून दाखवलं. एक मिनिटही लागलं नाही.

पण ही युक्ती चालायला खिट्ट्या फिरत्या असाव्या लागतात. कुलूप नुसत्या दोन खिट्ट्यांना न घालता बॅगेला शिवलेल्या पक्क्या कडीतून घातलं, तर खिट्ट्या जागच्या हलत नाहीत. फाकलेली चेन मग परत बंद करता येत नाही. चोरी यानेही थांबत नाही, पण हात लागलाय हे लगेच दिसतं, आणि लगेच दिसण्याला किती किंमत आहे ते मी पुढे सांगते. नवीन बॅग घेताना अशी कडी आहे का ते बघा. चेनऐवजी खटक्यांची, कडक कवचाची पेटी मिळाली तर आणखी बरं.

साखळीतही आमची चूक झाली. बर्थखाली लोखंडी कड्या असतात, त्यातून साखळी घालून बॅगेच्या मुठीला लावली होती. पण साखळी तीन-चार फूट लांब, आणि मी ती सैल सोडली. बॅग पळवून नेता आली नसती हे खरं, पण चादरीच्या आडोशाने आपल्याकडे ओढून घेऊन, काम करून, परत ढकलता आली. साखळीला एक-दोन वेढे देऊन ती इतकी आखूड करा की बॅग हातभरही पुढे सरकणार नाही. चेनची बाजू भिंतीकडे, मोठी बॅग पुढे, मोलाची तिच्यामागे. आणि चादर बर्थवरच खोचा, खाली लोंबू देऊ नका. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून पडदा करू नका.

मोबाइलचंही सांगायला हवं, कारण त्या रात्री मी तिथेही फसले. डब्यातले चार्जिंगचे पॉइंट आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवण्याचा रेल्वेचा नियम आहे. ते मला माहीत होतं, पण पॉवर बँक घरी विसरली. दौंडला डब्यात आलेल्या विक्रेत्याकडून ‘वीस हजार एमएएच’ लिहिलेली चारशेला घेतली. त्याने माझ्या फोनला लावून दाखवली, चार्जिंगचं चिन्ह आलं. तासाभरात ती संपली, आणि एकच्या सुमारास फोनही बंद पडला. दर दोन तासांनी उठून बॅगा बघायच्या म्हणून लावलेले गजर वाजलेच नाहीत. नंतर भावाने ती फोडली तर आत एक लहानसा सेल आणि प्लॅस्टिकच्या पुडीत माती होती. माती वजनासाठीच असते, त्यामुळे हातात जड लागते यावर विश्वास ठेवू नका. खरी वीस हजारांची पॉवर बँक रिकामी झाल्यावर भरायला कित्येक तास घेते. खोटी अर्ध्या-पाऊण तासात ‘फुल’ दाखवते. खरीवर आर अक्षराने सुरू होणारा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. घरी एकदा वापरून बघितलेलीच सोबत घ्या. गाडीत विकत घेऊ नका.

पहाटे खंडव्याला तो उतरला. त्याआधी त्याने आमच्या चादरीची घडी करून दिली, बॅगा पायाने आत सरकवल्या आणि आईच्या पाया पडला. आई म्हणाली, ‘सुखी राहा.’

त्याच वेळी, निदान इटारसीच्या आत, मी बॅग उघडून पाहिली असती तर टीटीई डब्यात होते, गाडीतल्या बंदोबस्ताचे पोलीस होते, १३९ वर फोन करता आला असता. चालत्या गाडीतही तक्रारीचा फॉर्म टीटीई किंवा गार्डकडे मिळतो, त्यासाठी प्रवास सोडून उतरावं लागत नाही. आम्ही पंधरा तासांनी, दुसऱ्या राज्यात, रेल्वे पोलिसांकडे गेलो. त्यांनी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घेतला, म्हणजे हद्द कुणाचीही असली तरी तक्रार घेऊन ती पुढे पाठवायची. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला, चोरी कुठल्या स्टेशनांच्या मध्ये झाली? दौंड ते खंडवा, एवढंच मी सांगू शकले.

भरपाईची आशा धरू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० नुसार, बुक न केलेलं, आपल्या ताब्यातलं सामान गेलं तर रेल्वेच्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावं लागतं. कमरेच्या पट्ट्यात बांधलेले एक लाख रुपये चोरीला गेलेल्या प्रवाशाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने रेल्वे जबाबदार नाही असाच निकाल दिला.

पाटल्या बॅगेत का ठेवल्या, असं नातेवाइकांनी आईला इतक्यांदा विचारलं की ती रडली. गाडीत हातातून ओरबाडतील या भीतीनेच तिने त्या काढल्या होत्या. घरी कपाटात ठेवून निघायला हवं होतं, हे आता तिला कुणी सांगायची गरज नाही.

परतीच्या रात्री मी आईचा बर्थ बदलू दिला नाही, आणि कुणी जमिनीवर पेपर पसरायला लागला तेव्हा त्याला दुसरीकडे जायला सांगितलं. पैसे दोघींच्या पोटाशी वाटून बांधले होते, रक्तदाबाच्या गोळ्या उशाखाली. भुसावळला आणि मनमाडला उठून टॉर्चने खाली बघितलं. आई जागीच होती. दोन्ही वेळा तिने मलाच विचारलं, ‘आहे ना गं सगळं?’