इंग्लिश बॉण्ड की फ्लेमिश? एकाच घरात दोन्ही बांधून दोन पावसाळे काढल्यावर

कराडजवळच्या शेतातल्या घराला गिलावा करायचा नाही, वीट उघडीच ठेवायची, हे आधीपासून ठरलं होतं. थरांत विटा रचायच्या पद्धतीला बॉण्ड म्हणतात; मागची आणि उत्तरेची भिंत इंग्लिश बॉण्डमध्ये बांधली, ओसरीची दर्शनी भिंत फ्लेमिशमध्ये. दोन्ही नऊ इंची, वीट एकाच भट्टीची, 230 × 110 × 70 मिमीची. सांध्यात भरायचा माल आणि गवंडीही तेच. त्यामुळे जो काही फरक दिसतो तो बॉण्डचाच आहे, असं मी म्हणू शकतो.

ज्यांना नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विटेची लांब बाजू भिंतीच्या तोंडाला आली की स्ट्रेचर, आखूड बाजू आली की हेडर. इंग्लिशमध्ये एक थर सगळा स्ट्रेचरचा आणि त्यावरचा सगळा हेडरचा. फ्लेमिशमध्ये प्रत्येक थरात एक स्ट्रेचर, एक हेडर असं चालतं आणि प्रत्येक हेडर खालच्या स्ट्रेचरच्या बरोबर मध्यावर बसतो.

मजबुतीची चर्चा बहुतेकदा चुकीच्या जागी होते. वरून येणारा भार पेलायला वीट आणि माल चांगला लागतो, त्यात बॉण्डने फार फरक पडत नाही. बॉण्डचं खरं काम भिंतीची पुढची आणि मागची पाळी, म्हणजे जाडीतल्या विटांच्या दोन रांगा, एकमेकींना बांधून ठेवण्याचं, आणि ते काम हेडर करतो, कारण तो भिंतीच्या आरपार जातो. नऊ इंची भिंतीत इंग्लिशमध्ये एकूण विटांपैकी निम्म्या हेडर असतात, फ्लेमिशमध्ये एक तृतीयांश. शिवाय फ्लेमिशमध्ये भिंतीच्या पोटात, दोन पाळ्यांच्या मधल्या सांध्यात, ठरावीक अंतरावर सव्वादोन इंच रुंदीच्या अशा जागा राहतात की तिथे तो सांधा खालपासून वरपर्यंत सलग राहतो, त्याला अडवणारा हेडर मध्ये येतच नाही. एकमजली घराला याचा त्रास नाही. पण तुळईचं टोक टेकणार असेल किंवा भिंतीला बाजूने दाब येणार असेल तर मी इंग्लिशच घेईन.

फ्लेमिशचा खरा धोका मला बांधताना कळला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काम थांबल्यावर मी पायाडावर चढून भिंत वरून पाहिली. समोरून नक्षी अगदी बरोबर होती. वरून मात्र भिंतीच्या मध्यातून मालाची एक सरळ रेघ लांबच लांब गेलेली दिसली. हेडरच्या जागी पूर्ण वीट न घालता पुढून अर्धा तुकडा आणि मागून अर्धा तुकडा बसवला होता. तुटक्या विटा खपवायला ही सोपी जागा, आणि दोन्ही तोंडांनी ते कळतही नाही. पण मग ती नऊ इंची भिंत राहत नाही, साडेचार इंचाच्या दोन भिंती शेजारी उभ्या राहतात. तीन थर उतरवून घेतले. मिस्त्रींना वाईट वाटलं, मलाही, पण पर्याय नव्हता. तेव्हापासून पुढचा थर चढण्याआधी वरून पाहायचं, असा नियम केला. इंग्लिशमध्येही तुकडे घालता येतात, पण तिथे अख्खा थर हेडरचा असल्याने चोरी लगेच नजरेत येते.

कोपऱ्याची चूक दोन्हीत सारखीच होते. कोपऱ्यातल्या हेडरनंतर विटेची उभी अर्धी चीर, म्हणजे क्वीन क्लोजर, घालावी लागते. ती विसरली तर वरखालचे उभे सांधे एका रेषेत येतात. आमच्याकडे एकाने ती थेट कोपऱ्याच्या टोकालाच लावली होती. तिथे एवढी बारीक चीर टिकत नाही, कोपऱ्यापासून ती दुसऱ्या जागीच असली पाहिजे.

आता दिसण्याबद्दल. इंग्लिशची भिंत दुरून आडव्या पट्ट्यांची दिसते. मला ती मागच्या बाजूला आवडते, साधी आणि ठाम. फ्लेमिशची ओसरी मात्र सकाळच्या तिरप्या उन्हात बघत बसावं अशी आहे. आमच्या भट्टीत काही विटांची डोकी जास्त भाजून काळपट झाली होती. त्या निवडून हेडरला वापरल्या, तर सगळ्या भिंतीवर तिरप्या चौकटी उमटल्या.

त्याची किंमत मोजावी लागते. हाताने पाडलेल्या विटांत पाच-सहा मिलिमीटरचा फरक असतोच. फ्लेमिशमध्ये एक थर सोडून एक उभा सांधा ओळंब्यात यावा लागतो. तो सरकला तर रस्त्यावरूनही दिसतो. म्हणून विटा लांबीप्रमाणे वेगळ्या लावून घेतल्या आणि दर तीन-चार फुटांवर ओळंबा धरला. इंग्लिशला लागला त्याच्या जवळजवळ दीडपट वेळ गेला. एक फायदा मात्र झाला: तोंडाला निवडक वीट लागते ती फ्लेमिशमध्ये कमी. आमच्या मापाने 100 चौरस फुटांना साधारण 645 विटा, इंग्लिशला 725. भिंतीतल्या एकूण विटा दोन्हीत तेवढ्याच.

ओल? पहिल्या पावसाळ्यात दोन्ही भिंतींना आतून डाग आले. फ्लेमिशला जास्त येतील असं मला सांगितलं होतं, तसं झालं नाही. डाग आले ते जिथे उभे सांधे मालाने पूर्ण भरले नव्हते तिथेच, कारण हेडरच्या कडेचा सांधा भिंतीच्या आरपार जातो आणि पोकळ राहिला तर पाणी सरळ आत येतं. उन्हाळ्यात त्या जागचे सांधे खरवडून पुन्हा भरले. दुसऱ्या पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीवर एकच डाग उरला, ओसरी कोरडी राहिली.

पुढच्या वर्षी गोठा बांधायचा आहे. तो सगळा इंग्लिशमध्ये, फक्त रस्त्याकडची बाजू फ्लेमिशमध्ये, आणि तीही मी रोज संध्याकाळी पायाडावर चढून पाहू शकणार असेन तरच.