लहान हॉलसाठी सोफा: सात फुटी, एल शेप की सहा फुटी?

आमचा हॉल साडेनऊ बाय तेरा, वडोदऱ्यात कारेलीबागेत. एका टोकाला मेन दरवाजा, दुसऱ्या टोकाला किचन, म्हणजे जो कोणी आत येईल तो सोफा आणि टीव्हीच्या मधूनच जाणार. असा हॉल असेल तर माझा अनुभव कामाला येईल असं वाटतं, कारण सात फुटी आणि सहा फुटी दोन्ही सोफे मी वापरलेत आणि एल शेप मेव्हण्याकडे आहे.

पहिला सात फुटी घेतला होता. लांबी ८४ इंच, ती भिंतीवर आरामात बसली म्हणून मी खूश. पण डेप्थ ३८ इंच होती आणि ती मी मनावरच घेतली नव्हती. साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच. त्यात सोफा ३८, मागे पडदा आणि प्लगसाठी २ इंच, समोर टीव्ही युनिट १६. उरले ५८. त्यात २० इंचाचा टीपॉय आणि टीपॉय ते सोफा १४ इंच, की टीव्हीच्या बाजूने चालायला राहिले २४ इंच. रिकाम्या हाताने माणूस जातो, पण हातात ट्रे असला की तिरकं व्हावं लागतं. आणि बसलेल्याचे गुडघे टीपॉयला लागतात म्हणून तो टीपॉय पायाने पुढे सरकवतो, की २४ चे २० होतात. मग सगळे टीव्हीच्या बाजूने जायचं सोडून सोफा आणि टीपॉयच्या मधूनच जायला लागतात. रविवारी सकाळी शेव-उसळीचा ट्रे घेऊन बायको यायची आणि दर वेळी तेच, "पाय घ्या जरा". आई टेबलाला धरून उठायची, वाट द्यायची, परत बसायची. एकदा तर्री सोफ्याच्या हातावर सांडली, तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. पण डागापेक्षा आईचं ते दर दहा मिनिटांनी उठणं मला बघवेना, आणि सोफा बदलायचं तिथेच ठरलं.

मेव्हण्याचा एल शेप बसायला खरंच छान आहे, पाय पसरून मॅच बघायला त्याच्यासारखं सुख नाही. त्याचा लाउंजर भिंतीपासून ६२ इंच पुढे येतो. तो भाग मेलेल्या कोपऱ्यात, म्हणजे जिथून कोणी जात नाही तिथे आला तर वाट अडत नाही. त्याचा नेमका बाल्कनीच्या दारासमोर आला. ऑर्डर देताना राइट साइड सांगितलं, त्याने सोफ्यावर बसून उजवं धरलं, दुकानदाराने समोर उभं राहून. आता कपडे वाळत घालायला जाताना बादली घेऊन लाउंजरला वळसा. घ्यायचाच असेल तर कागदावर हॉल काढून कोपरा दाखवा, नुसतं डावं-उजवं बोलू नका. आणि भाड्याचं घर असेल तर मी तरी थांबेन, कारण पुढच्या घरात तो कोपरा उलटा निघू शकतो.

आता आमच्याकडे सहा फुटी आहे, ७२ इंच लांब, डेप्थ ३२, कारागिराकडून करून घेतलेला. सगळ्यांना वाटतं की तिघं बसणार कसे. जुन्याचे हात ९-९ इंच जाड होते, म्हणजे बसायला मिळायचे ६६ इंच. नव्याचे हात ४-४ इंचाचे, बसायला ६४. एक फूट लांबी कमी झाली आणि बसायची जागा फक्त दोन इंचांनी! डेप्थमध्ये वाचलेले सहा इंच सरळ वाटेला गेले, २४ चे ३० झाले. आता ट्रे घेऊन सरळ चालता येतं आणि टीपॉयही कोणी ढकलत नाही, कारण सीट कमी खोल असल्याने माणूस ताठ बसतो, पाय कमी पुढे येतात. आईला उठायलाही हाच सोपा पडतो. गणपतीत आरतीच्या वेळी दोघं मिळून उचलून बाजूलाही ठेवतो.

कमी आहे ती झोपायची. ६४ इंच म्हणजे पाच फूट चार, मी पाच फूट नऊ, दुपारी पाय दुमडूनच पडावं लागतं. तुमच्याकडे सोफ्यावर झोपणारं कोणी असेल आणि वाट सोफ्यासमोरून जात नसेल तर सात फुटीच बरा पडेल कदाचित, पण तोही हात बारीक आणि डेप्थ ३४ च्या आतला बघा.

ऑर्डरच्या आधी मी एक केलं होतं, तेवढं जरूर करा. सोफ्याच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर टेपने चिकटवली, टीपॉय त्याच्यापुढे जागेवर ठेवला, कागदाच्या पुढच्या कडेवर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवून आई-बाबांना बसवलं आणि बायकोला चहाचा ट्रे घेऊन किचनमधून दारापर्यंत दोन-तीनदा जायला सांगितलं. ३८ च्या कागदावर आईने पाय आत घेतले, ३२ च्या कागदावर नाही घेतले.