350 चं निम्मं 175: ओटीजी आणि अमेरिकन रेसिप्या, आठ महिन्यांनंतर

दिवाळीच्या आधी 28 लिटरचा ओटीजी घेतला, आता आठ महिने झाले. कंपनीचं नाव घेत नाही कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही ओटीजीला चालेल. मशीन ठीक आहे, भांडण झालं ते आकड्यांशी. आमची ताई न्यू जर्सीला असते, तिच्या सगळ्या रेसिप्या फॅरेनहाइटमध्ये, आणि माझ्या नॉबवर 100, 150, 200, 250 एवढेच आकडे, तेही सेल्सिअसमध्ये, मधे नुसत्या बारीक रेघा.

पहिला केला तो तिचा बनाना ब्रेड. 350 वर एक तास. आता 350 म्हणजे आपलं किती? ह्यांनी लगेच सांगितलं, "अगं सोपं आहे, 30 वजा कर आणि निम्मं कर." ताईशी फोनवर हवापाण्याच्या गप्पा होतात ना, ती म्हणते आज 68 आहे, की हे लगेच 19 म्हणून मोकळे, खरं उत्तर 20, कोण बघतंय एका डिग्रीला. तोच हिशेब लावला, 320 चे निम्मे 160. एक तासाने बाहेर काढला तर वरून पांढरट, आणि ओट्यावर ठेवल्यावर पाच मिनिटांत मधला भाग खाली बसला, कापला तर आत चक्क लगदा. मला वाटलं सोडा जुना झाला. नौपाड्यातून नवीन सोडा आणला, परत केला, परत तेच.

मग एकदा वही घेऊन नीट मांडलं. खरं गणित असं: फॅरेनहाइटमधून 32 वजा करा, 5 ने गुणा, 9 ने भागा. 350 वजा 32 म्हणजे 318, गुणिले 5 झाले 1590, भागिले 9, उत्तर 176.7. म्हणजे ह्यांच्या हिशेबाने मी 17 डिग्री कमी लावत होते. हवेसाठी तो हिशेब चालतो कारण 50 फॅरेनहाइटला तो बरोब्बर 10 देतो, पण तिथून पुढे दर 18 फॅरेनहाइटला एक सेल्सिअस मागे पडत जातो. थंडीच्या गप्पांना ठीक, ओव्हनपर्यंत पोचता पोचता पार घसरतो.

आता माझी पद्धत काय, तर नुसतं निम्मं करायचं. 32 नाही, 30 नाही, काहीच वजा करायचं नाही. 350 चं 175. ऐकायला आळशीपणा वाटतो पण 320 ला निम्मं केलं की एकदम तंतोतंत 160 येतं, आणि केक कुकीज सगळे त्याच्याच आजूबाजूला भाजले जातात. 300 ला निम्मं केलं तर 150, खरं 149. 375 ला 187, खरं 191. 400 ला 200, खरं 204. एवढा फरक माझ्या ओटीजीला कळतच नाही. 425 च्या वर गेलात तर मात्र निम्मं करून वर सहा-सात मिळवा, 450 चं निम्मं 225 येतं पण हवं असतं 232.

हे सगळं जमल्यावरही ब्रेड थोडा कच्चाच राहायचा, म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मागवला, स्टीलचा, जाळीवर उभा राहणारा, चारशेच्या आसपास पडला. खरं सांगते, या आठ महिन्यांत सगळ्यात कामाची वस्तू हीच. मधल्या जाळीवर ठेवला, नॉब 175 वर. नवव्या मिनिटाला दिवा गेला, म्हणजे पुस्तकाप्रमाणे ओव्हन तापला, आणि थर्मामीटर दाखवतोय 140! वीस मिनिटांनी पण 160 च्या आसपासच घुटमळत होता, कॉइल चालू-बंद होते तसा काटा थोडा वर, थोडा खाली. म्हणजे माझा नॉबच साधारण 15 ने कमी धावतो. आता पहिल्या दिवसाचा हिशेब बघा, नॉब 160 वर, आत खरं 145, आणि हवं होतं 177. तीस डिग्री कमी! एवढ्या कमी आचेवर ब्रेड सेट व्हायच्या आधीच सोड्याचा गॅस निघून जातो, मग मधे बसणारच. सोड्याला उगाच शिव्या घातल्या.

मग नॉब थोडा थोडा पुढे करत बसले, आत स्थिर 175 आलं तिथे बॉडीवर लाल नेलपेंटचा ठिपका दिला. माझ्याकडे तो ठिपका छापलेल्या 190 जवळ आलाय, तुमच्याकडे कुठेही येऊ शकतो, त्यामुळे माझा आकडा उचलू नका. आणि काटा काचेतूनच बघा, मी मोबाईलचा टॉर्च मारते, दार उघडलं की काटा खाली येतो आणि काहीच कळत नाही. ठिपक्यावर लावून केलेला बनाना ब्रेड 58 मिनिटांत झाला, वर चीर पडली, टूथपिक कोरडी आली.

आता फॅनचं. इथे मी परत आपटले. ताईच्या रेसिपीत खाली लिहिलेलं की कन्व्हेक्शन असेल तर 25 डिग्री कमी करा. मी 175 मधून 25 वजा केले आणि 150 ला लावलं. अहो, ते 25 पण फॅरेनहाइटचेच! फॅरेनहाइटची डिग्री लहान असते, 25 फॅरेनहाइटचा फरक म्हणजे फक्त 14 सेल्सिअस. आणि हा फरक आहे, तापमान नाही, त्यामुळे इथे 32 चा संबंधच येत नाही. माझ्या भाच्याने 25 आकडा तसाच मोबाईलमध्ये टाकला तर उत्तर आलं उणे 4, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. सोपा मार्ग म्हणजे आधी फॅरेनहाइटमध्येच वजा करा, 350 चे 325, मग निम्मं, 162. संपलं.

एक ठिकाण असं की निम्म्याची पद्धत अजिबात वापरू नका, यीस्टचं पाणी. लादी पावासाठी लिहिलं होतं 110 चं कोमट पाणी. हात सरावलेला, निम्मं केलं, 55. खरं उत्तर 43. 55 च्या पाण्यात यीस्ट मरायला लागतं, फेस आलाच नाही, अर्धा किलो मैदा तसाच दगडासारखा बसला. साखरेच्या पाकाचं तेच, 240 म्हणजे साधारण 116, निम्मं करून 120 वर नेलात तर मऊ गोळीचा पाक राहत नाही, घट्ट होतो. तिथे 32 वजा करून पूर्ण गणितच करायचं.

तक्रार म्हणाल तर एक आहे. ताईचा न मळता करायचा ब्रेड 450 ला, झाकणाच्या जड भांड्यात भाजायचा असतो. हवेत 232, आणि माझा नॉब 15 ने कमी, म्हणजे 250 ला शेवटपर्यंत फिरवल्यावर कसाबसा 235 ला पोचतो, तेही अर्धा तास तापवल्यावर. होतो ब्रेड, पण वरचं कवच ताईच्या फोटोसारखं गडद येत नाही. जड ब्रेडच करायचे असतील तर घेताना नॉबचा शेवटचा आकडा बघून घ्या, 230 ला संपणारे पण मिळतात, त्यात हे जमणार नाही.