F2 दाबलं आणि आवाजच कमी झाला

मालवणच्या आमच्या होमस्टेचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो. नवीन लॅपटॉपवर रकमेचा चौकोन दुरुस्त करायला F2 दाबलं, तर आवाज उतरला. बटण बिघडलं नव्हतं, वरची रांग मीडिया पद्धतीवर होती.

या पद्धतीत नुसतं बटण दाबलं की आवाज किंवा उजेड बदलतो. खरं F2 हवं तर Fn धरून दाबायचं. पडवीत उन्हात बसून व्हिडिओ पाहणाऱ्या आमच्या बाबल्याला हेच सोयीचं. पण Alt+F4 ने खिडकी बंद करायला तिथे तीन बोटं लागतात: Alt, Fn आणि F4.

दुसऱ्या पद्धतीत नेमकं उलट: F2 म्हणजे F2, आवाजासाठी Fn. सूत्रात $ लावायला F4 दिवसातून पन्नासदा लागतं, म्हणून मी हीच ठेवली.

Esc वर कुलपाचं चित्र असेल तर बहुधा Fn+Esc ने अदलाबदल होते. नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, पर्याय शोधावा. ‘Fn लॉक चालू’चा अर्थ मात्र सगळीकडे एकच नसतो (ही खरी कटकट), तेव्हा लॉकच्या दिव्यावर विसंबू नका, F2 दाबून बघा.