tRFC की tREFI: कोल्हापुरी उन्हाळ्यात रॅम हाताने ट्यून करताना

राजारामपुरीतल्या एका मित्राचा लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा पीसी आहे. रायझन ७ ७७०० आणि हायनिक्स चिप्सच्या १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक. बायोसमधली रॅमची तयार सेटिंग, म्हणजे EXPO, चालू करून रॅम ६००० वर धावत होती. त्याचा प्रश्न असा होता: EXPO वरच थांबू, एकटी tRFC कमी करू, की tREFI पण वाढवू?

रॅममधला प्रत्येक बिट इवल्याशा कपॅसिटरमध्ये साठवलेला असतो आणि त्यातला चार्ज सतत गळतो. म्हणून तो ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो. दोन रिफ्रेशमधलं अंतर म्हणजे tREFI, आणि एका रिफ्रेशसाठी मेमरी अडून राहते तो वेळ म्हणजे tRFC. ६००० च्या रॅममध्ये एका नॅनोसेकंदात ३ क्लॉक बसतात. १६ गिगाबिटच्या चिपला मानकाप्रमाणे २९५ नॅनोसेकंद tRFC लागते, म्हणजे ८८५ क्लॉक. tREFI ३.९ मायक्रोसेकंद, म्हणजे ११,७००. EXPO बहुतेक वेळा हेच आकडे तसेच ठेवतं.

| पर्याय | tRFC | tREFI | रिफ्रेशमध्ये जाणारा वेळ |
|---|---|---|---|
| फक्त EXPO | ८८५ | ११,७०० | ७.६% |
| tRFC कमी | ५०० | ११,७०० | ४.३% |
| दोन्ही, मध्यम | ५०० | ३२,७६८ | १.५% |
| दोन्ही, टोकाला | ५०० | ६५,५३५ | ०.८% |

शेवटच्या दोन ओळी नीट बघा. tREFI दुप्पट करून हाती जेमतेम पाऊण टक्का लागतो, पण प्रत्येक बिटला दुप्पट वेळ चार्ज धरून ठेवावा लागतो. तापमान वाढलं की गळती वाढते, आणि मे महिन्यात वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या खोलीत बसणाऱ्याला हे महागात पडतं. व्होल्टेज वाढवूनही ही अडचण सुटत नाही. उलट स्टिक अजून तापते.

tRFC चा स्वभाव वेगळा. ती किती खाली जाईल हे चिपवर आणि तिच्या आवृत्तीवर, म्हणजे डायवर ठरतं. हायनिक्सच्या १६ गिगाबिट एम-डायला १६० नॅनोसेकंदांच्या आसपास, म्हणजे ४८० क्लॉकपर्यंत जाता येतं, ए-डाय त्याहून खाली जाते. सॅमसंग आणि मायक्रॉनच्या सुरुवातीच्या डीडीआर५ चिप्सकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नका.

व्होल्टेजच्या बाबतीत मी कडक आहे. रॅमचं मुख्य व्होल्टेज, VDD, १.४० च्या पुढे नेत नाही. स्टिकवरची पॉवर चिप साध्या मोडमध्ये १.४३५ ला अडतेच. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं व्होल्टेज म्हणजे VSOC, त्याच्यासाठी १.३० ही लक्ष्मणरेषा. २०२३ मध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने बायोसमध्येच ही मर्यादा घातली. या दोन टायमिंगसाठी VSOC ला हात लावायची गरजही नाही.

मित्राच्या पीसीवर आधी डेटाचा बॅकअप घेतला, मग tRFC ६०० केली, नंतर ५४०, नंतर ५००. प्रत्येक पायरीवर विंडोज उघडण्याआधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ची एक फेरी चालवली, कारण बिघडलेल्या रॅमवर विंडोज सुरू केलं तर फायली खराब होतात. ४६० वर पहिल्या दोन मिनिटांतच एरर आल्या, म्हणून ५०० वर परतलो. मग tREFI ६५,५३५ केली आणि विंडोजमध्ये रॅम तपासणाऱ्या `TestMem5` मध्ये `extreme1@anta777` हे कॉन्फिगरेशन चालवलं. अर्धा तास सगळं स्वच्छ. सोबत ग्राफिक्स कार्डवर लोड टाकला, `HWiNFO` मध्ये स्टिकचं तापमान ५९ अंशांवर गेलं आणि एकेक एरर सुरू झाली.

दोष कुणाचा, हे यावरूनच ओळखायचं. लगेच आणि थंड असताना एरर आली तर tRFC फार खाली गेली आहे. उशिरा, तापल्यावर आली तर tREFI. शिवाय डीडीआर५ च्या चिपमध्येच एका बिटची चूक आतल्या आत दुरुस्त होते. म्हणजे पडद्यावर एरर दिसते तेव्हा गळती बरीच पुढे गेलेली असते. एकच एरर आली तरी ती सेटिंग नापास.

३२,७६८ वर भर दुपारी, पंखा बंद ठेवून, ग्राफिक्स लोडसह `TestMem5` च्या ३ फेऱ्या निघाल्या. नंतर मेमरी कंट्रोलरसाठी `y-cruncher` ची VT3 चाचणी २ तास. तीही पार पडली.

तुमची चिप कुठली ते माहीत नसेल किंवा पीसीवर हिशेबाचं काम चालत असेल तर EXPO वरच राहा. प्रोसेसर एक्स३डी असेल तर मोठ्या कॅशमुळे गेममध्ये फरक जेमतेम दिसतो, तिथे या खटपटीत दोन रविवार घालवू नयेत. साधा रायझन आणि हायनिक्स असेल तर tRFC नक्की कमी करा. tREFI वाढवायची असेल तर स्टिक कामात असताना ५० अंशांखाली राहते का ते एप्रिल-मेमध्ये मोजा. पावसाळ्यात पास झालेली चाचणी मी धरत नाही. मित्राला ३२,७६८ वर ठेवलं आहे, आणि येत्या मेमध्ये पुन्हा ३ फेऱ्या चालवायच्या ठरल्या आहेत.