बोटं जांभळी झाली म्हणून ४५,२४९ रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

लिहायला लाज वाटतेय, पण नाही लिहिलं तर पुढच्या थंडीत अजून कोणीतरी अडकेल. आम्ही मूळचे चिपळूणचे, मिस्टरांची बदली शिमल्याला झाली. फ्लॅट मिळाला तो उत्तरेकडे तोंड असलेला, ऊन नावाला नाही. जानेवारीत बर्फातून चालून बूट आतून ओले व्हायचे, त्यात घट्ट बूट आणि दोन-दोन मोजे, आणि घरी आल्या आल्या मी पाय सरळ हीटरला लावायचे. आठवड्याभरात दोन्ही पायांची बोटं सुजली, लाल-जांभळी झाली, आणि रात्री पांघरुणात ऊब आली की अशी खाज आणि आग की रडू यायचं.

शेजारच्या आंटी बघून म्हणाल्या, अगं ही थंडीची सूज आहे, दर वर्षी होते, जाईल. त्यांचं ऐकलं असतं तर ही पोस्टच लिहावी लागली नसती. पण बाजारात 'नसांची मोफत तपासणी' असा बोर्ड होता, तिथे गेले. मोफत म्हणे, आणि आत गेल्यावर ५०० रुपये रजिस्ट्रेशन. पांढरा कोट घातलेल्या माणसाने बोटाला लावायचं ऑक्सिजनचं ते छोटं मशीन माझ्या पायाच्या अंगठ्याला लावलं, आकडा आला ७१. म्हणाला, रक्त पोचतच नाहीये, नसा ब्लॉक आहेत, उशीर केला तर बोट कापावं लागेल.

आता खरी चूक ऐका. मिस्टरांनी सहज म्हणून स्वतःच्या पायाला मशीन लावायला सांगितलं. त्यांची बोटं अगदी ठणठणीत, फक्त गार होती. आकडाच येईना, नुसत्या दोन रेघा! तो म्हणाला सेल वीक झालाय, आणि मशीन खिशात टाकलं. तिथेच उठायला हवं होतं. गार बोटात कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मशीनला नाडी नीट मिळत नाही, मग ते काहीही दाखवतं किंवा काहीच दाखवत नाही, हे मला नंतर कळलं. पण 'बोट कापावं लागेल' ऐकलेल्या बाईला तेव्हा काय सुचणार, तुम्हीच सांगा. माझ्या बाबांना डायबेटीस होता, त्यांची जखम भरायला किती महिने गेले ते मी डोळ्यांनी बघितलंय.

मग स्कॅनचे २,४००, सहा सिटिंगचे २१,०००, घरी वापरायच्या मसाजरचे १४,९९९ आणि कॅप्सूलचे ६,३५०. सिटिंग म्हणजे काय, तर गरम पॅड आणि जोरात चोळणं. तिसऱ्या सिटिंगनंतर दोन बोटांवर फोड आले, तर म्हणे ब्लॉकेज बाहेर पडतंय.

शेवटी सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत गेले. डॉक्टर मॅडमनी पायाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली, मग आतल्या घोट्याच्या मागे. दोन्हीकडे नाडी मस्त लागत होती, माझा हात धरून मलाच दाखवली. विचारलं, चढ चढताना पोटरी आवळून येते का, थांबलं की बरं वाटतं का? शिमल्यात मी रोज चढ-उतार करते, कधीच नाही. दंडाचं आणि घोट्याचं बीपी घेऊन भागाकार केला, १.१ आला. ०.९ किंवा त्याच्या खाली आला असता तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात. हे चिलब्लेन आहेत म्हणाल्या. ओल्या गारठ्यात बारीक वाहिन्या आकसतात, मग एकदम शेक मिळाला की रक्त धावतं आणि भोवती सूज येते. म्हणजे मी हीटरवर पाय भाजत होते आणि तो माणूस पैसे घेऊन तेच करत होता!

थोडे दिवस लावायला क्रीम दिलं, फोडांवर ड्रेसिंग, कोरडे लोकरीचे मोजे, सैल बूट, शेक बंद. अडीच आठवड्यांत उतरलं. हाताची बोटं गारठ्यात आधी पांढरी, मग निळी, मग लाल होऊन तासाभरात पूर्ववत होत असतील तर ते वेगळं, त्याला रेनॉड म्हणतात, चिलब्लेनची सूज दिवसेंदिवस राहते. एकाच पायाचं बोट काळं पडतंय, रात्री ठणकतंय, नाडी लागत नाहीये, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि उन्हाळा आला तरी डाग जात नसतील तर रक्त तपासून घ्या, कधीकधी मागे ल्युपससारखा, प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असा आजार असतो.

आता तक्रार. पोलीस म्हणाले पैसे तुम्हीच दिलेत, सिव्हिल मॅटर आहे. सायबर फ्रॉडच्या १९३० नंबरला फोन केला तर म्हणे हा ऑनलाइन फ्रॉड नाही, दुकानात बसून स्वतः यूपीआय केलंय. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला, पुढे काय तर वाट बघा. आरोग्य खात्याच्या ऑफिसात तीन चकरा मारल्या, तीन वेगवेगळ्या खिडक्या, आणि तिसऱ्या खिडकीवरच्या माणसाने मलाच विचारलं, मॅडम, आधी सरकारीत का नाही आलात? अहो, बाजारात भर रस्त्यावर तो बोर्ड लावू देणारे कोण? पावती मागा, पावतीवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर बघा, माझ्या पावतीवर नुसतं 'थेरपी' लिहिलंय, ना नाव ना नंबर, म्हणून ग्राहक मंचाच्या वकिलानेही नकारार्थी मान हलवली. मसाजर परत घ्यायला ते तयार नाहीत. बोर्ड काल संध्याकाळपर्यंत तिथेच होता, आणि खाली दोन बायका पायातले मोजे काढून बसल्या होत्या. मी त्यांना बाहेर बोलावून त्यांच्या पायावर नाडी कुठे लागते ते दाखवलं. एक उठली, एक बसूनच राहिली.